खाडीकाठच्या घराचा पहिला स्लॅब: गुणवत्तेचा आराखडा कसा लिहावा आणि जागेवर कसा राबवावा

स्वतःचे घर बांधायला काढलेल्या माणसाच्या हातात कंत्राटदाराचे जे करारपत्र येते, त्यात बहुधा एक ओळ असते: "सर्व काम उत्तम दर्जाचे केले जाईल." ही ओळ खोटी नसते, पण तिला मोजमाप नसते, आणि ज्याला मोजमाप नाही त्यावरून कामाच्या दिवशी कोणालाही थांबवता येत नाही. गुणवत्तेचा आराखडा म्हणजे या ओळीच्या जागी लिहिलेली अशी वाक्ये, की ज्यांतून काय मोजायचे, किती असले पाहिजे, कोणत्या साधनाने आणि किती ठिकाणी मोजायचे, कोणी मोजायचे आणि माप जुळले नाही तर पुढे काय करायचे, एवढे स्पष्ट होते.

संपूर्ण घराचा असा आराखडा या एका लेखात बसणार नाही. म्हणून मी एकच भाग घेतो, तो म्हणजे पहिला स्लॅब. फरशी बिघडली तर उखडता येते आणि गिलावा पोकळ निघाला तर पाडून पुन्हा करता येतो. मात्र स्लॅब एकदा ओतला की आतली सळई पुन्हा दिसत नाही. शिवाय एका स्लॅबचा आराखडा नीट लिहिता आला, की पाया, कॉलम आणि पाण्याची टाकी यांचे आराखडे त्याच रीतीने लिहिता येतात.

उदाहरण म्हणून ऐरोलीतील एका रो-हाऊसच्या पुनर्बांधणीचे काम घेतो. तळमजला अधिक एक मजला असे हे घर असून ठाण्याची खाडी तेथून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. माझ्याकडे देखरेखीचे काम होते. पहिल्या स्लॅबचे क्षेत्र ७० चौरस मीटर, जाडी १३० मिलिमीटर, आणि स्लॅबखाली लोंबणाऱ्या बीमची एकूण लांबी ५० मीटर होती. स्लॅबचे ९.१ घनमीटर आणि बीमचे साधारण ३.७ घनमीटर मिळून १२.८ घनमीटर काँक्रीट लागणार होते. थोडी तूट धरून आम्ही तीन गाड्यांत १३.५ घनमीटर मागवले. ही आकडेमोड आराखड्याच्या पहिल्याच पानावर असावी, कारण गाड्या किती आणि चाचणीचे नमुने किती हे तिच्यावरूनच ठरते.

आकडे कुठून आणायचे

आराखड्यातील आकडे आपल्या मनाचे नसावेत. काँक्रीटच्या कामासाठी आपल्याकडे आयएस ४५६ हे मानक आहे आणि त्याची सध्या प्रचलित आवृत्ती २००० सालची असून तिच्यात वेळोवेळी दुरुस्त्या झालेल्या आहेत. या मानकात पहिला प्रश्न हवामानाचा येतो. बांधकाम कोणत्या वातावरणात उभे राहणार आहे, त्यानुसार सौम्य, मध्यम, तीव्र, अतितीव्र आणि पराकोटीचे असे पाच वर्ग केलेले आहेत. किनारपट्टीच्या हवेला उघडा असलेला काँक्रीटचा पृष्ठभाग तीव्र वर्गात येतो, तर किनाऱ्याजवळ असूनही खाऱ्या हवेपासून आडोशाला असलेला पृष्ठभाग मध्यम वर्गात येतो. सौम्य वर्ग किनारपट्टीला लागूच होत नाही, आणि नेमकी इथेच ठाणे व नवी मुंबईतील पुष्कळ लहान कामांत चूक होते. गावाकडच्या घराच्या नकाशातले एम२० काँक्रीट आणि २० मिलिमीटर कव्हर जसेच्या तसे इथे उचलले जाते. एम पुढचा आकडा म्हणजे काँक्रीटची ग्रेड, २८ दिवसांनी अपेक्षित असलेली ताकद न्यूटन प्रति चौरस मिलिमीटरमध्ये; कव्हर म्हणजे सळई आणि काँक्रीटचा बाहेरचा पृष्ठभाग यांच्यामधला थर.

तीव्र वर्गासाठी मानक किमान एम३० काँक्रीट, एका घनमीटरमागे किमान ३२० किलो सिमेंट, पाणी आणि सिमेंट यांचे गुणोत्तर जास्तीत जास्त ०.४५ आणि सळईवर ४५ मिलिमीटर कव्हर सांगते. मध्यम वर्गासाठी हेच आकडे एम२५, ३०० किलो, ०.५० आणि ३० मिलिमीटर असे आहेत. आमच्या स्ट्रक्चरल इंजिनिअरनी सगळीकडे एम३० घेतले, बाहेरच्या बीमच्या उघड्या बाजूला ४५ आणि घराच्या आतील स्लॅबला ३० मिलिमीटर कव्हर दिले. आपल्या घरासाठी हा निर्णय आपल्या इंजिनिअरनीच घ्यायचा आहे. मालकाने मात्र तो नकाशावर लिहून घ्यावा, कारण पुढच्या सगळ्या तपासण्या त्या लिहिलेल्या आकड्याशी होणार असतात.

थांबे ठरवणे

आराखड्याचा कणा म्हणजे थांबे. थांबा म्हणजे कामातील असा टप्पा, की जिथे तपासणीची सही झाल्याशिवाय पुढचे काम सुरू होत नाही. स्लॅबसाठी चार थांबे पुरतात: सेंट्रिंग, म्हणजे ओले काँक्रीट धरणारा तात्पुरता साचा आणि त्याचे टेकू, पूर्ण झाल्यावर, लोखंड बांधून झाल्यावर, काँक्रीटची प्रत्येक गाडी रिकामी होण्यापूर्वी आणि सेंट्रिंग काढण्यापूर्वी. प्रत्येक थांब्यावर कोणाची सही लागेल, हे करारातच लिहावे. आमच्या कामात पहिल्या थांब्यावर कंत्राटदाराच्या सुपरवायझरची आणि माझी, दुसऱ्या आणि चौथ्या थांब्यावर स्ट्रक्चरल इंजिनिअरचीही सही लागत असे. मालकाची सही तांत्रिक तपासणीवर मागू नये. मालकाने फक्त बाकीच्या सह्या झाल्या आहेत की नाहीत, एवढे पाहावे.

एक गोष्ट आग्रहाने सांगतो. लोखंडाची तपासणी ओतकामाच्या आदल्या दिवशी दुपारपर्यंत झाली पाहिजे. सकाळी सात वाजता पंप लागलेला असताना, मजूर उभे असताना आणि गाडी प्लांटवरून निघालेली असताना केलेल्या तपासणीत दोष सापडला, तरी तो दुरुस्त करण्याचे धैर्य कोणाजवळ उरत नाही.

पहिला थांबा: सेंट्रिंग

येथे फार वेळ घालवत नाही. बीमच्या पेटीची रुंदी आणि खोली टेपने मोजावी. मानक नकाशातील मापापेक्षा ६ मिलिमीटर कमी ते १२ मिलिमीटर जास्त एवढाच फरक मान्य करते. स्लॅबच्या तळाची लेव्हल पाण्याच्या नळीने किंवा लेझरने प्रत्येक खोलीच्या चार कोपऱ्यांत आणि मध्यभागी घ्यावी. आम्ही ५ मिलिमीटरपर्यंतचा फरक चालवला. ही मर्यादा आमची स्वतःची होती. प्रॉप, म्हणजे सेंट्रिंगचे उभे टेकू, ओळंब्यात आहेत ना आणि त्यांच्याखाली विटांची रचलेली उतरंड नसून जाड फळी आहे ना, हे वाकून पाहावे, कारण खाडीकाठच्या भरावाच्या जमिनीत ओल्या काँक्रीटच्या वजनाखाली एखादा प्रॉप खचला, तर स्लॅबला पोट येते आणि ते नंतर गिलाव्याने झाकले जाते. प्लायच्या सांध्यांना टेप लावलेली असावी, नाहीतर सिमेंटचे पाणी तिथून गळते आणि खालच्या बाजूला खडी उघडी पडते.

दुसरा थांबा: लोखंड

लोखंडाची तपासणी सळई गाडीतून उतरते तेव्हाच सुरू होते. सळईचे मानक आयएस १७८६ आहे. प्रत्येक सळईवर कंपनीचे नाव आणि ग्रेड उठवलेली असते, ती वाचावी. त्यानंतर वजन करावे. सळईचा एका मीटरचा वजनाचा आकडा काढण्याची साइटवरची रीत सोपी आहे: व्यास मिलिमीटरमध्ये घेऊन त्याचा वर्ग करावा आणि १६२ ने भागावे. म्हणजे ८ मिलिमीटरची सळई मीटरला ०.३९५ किलो, १० मिलिमीटरची ०.६१७ किलो आणि १२ मिलिमीटरची ०.८८९ किलो भरली पाहिजे. १० मिलिमीटरपर्यंतच्या सळईच्या सरासरी वजनात मानक ७ टक्क्यांपर्यंतचा फरक मान्य करते, तर त्यापुढे १६ मिलिमीटरपर्यंत ५ टक्के.

आमच्या कामावर आलेल्या १० मिलिमीटरच्या सळईचे एक-एक मीटरचे तीन तुकडे ०.६०१, ०.५९८ आणि ०.६०६ किलो भरले, म्हणजे माल योग्य होता. ८ मिलिमीटरचे तुकडे मात्र ०.३५६, ०.३६१ आणि ०.३५८ किलो भरले. सरासरी ०.३५८ येते आणि मान्य मर्यादा ०.३६७ आहे. डोळ्यांना या सळईत काहीही वेगळे दिसत नव्हते. तो सगळा माल परत गेला आणि दोन दिवसांनी दुसरा आला. या तपासणीला एक हॅक्सॉ, एक टेप आणि ग्रॅमपर्यंत वजन दाखवणारा काटा एवढेच लागते, तरीही लहान कामांवर ती क्वचितच होताना दिसते.

बांधलेल्या जाळीत तीन गोष्टी मोजायच्या: दोन सळयांमधले अंतर, जोडावर एकमेकींवर चढवलेली लांबी आणि कव्हर. पहिल्या दोन गोष्टी नकाशाशी टेप लावून पाहता येतात. तिसरीला जास्त वेळ द्यावा, कारण खाडीकाठी घराचे आयुष्य ठरते ते प्रामुख्याने कव्हरवर. काँक्रीट सळईला अल्कलीचे संरक्षण देते. हवेतले क्षार आणि कार्बन डायऑक्साइड त्या थरातून हळूहळू आत शिरतात, आणि ते सळईपर्यंत पोहोचले की ती गंजू लागते. गंजाला मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा लागते, म्हणून तो वरचे काँक्रीट फोडून बाहेर येतो. जुन्या इमारतींच्या छतांतून निखळलेले पापुद्रे आणि उघडी तांबडी सळई आपण सर्वांनी पाहिली आहे. त्यांतल्या अनेक ठिकाणी मोजले तर कव्हर १०–१५ मिलिमीटरच निघते.

मानकानुसार प्रत्यक्ष कव्हर नकाशातल्या आकड्यापेक्षा अजिबात कमी नसावे आणि १० मिलिमीटरपेक्षा जास्त वाढू नये. म्हणून आमच्या आराखड्यात वाक्य असे होते: "स्लॅबच्या तळाचे कव्हर २० ठिकाणी मोजावे, प्रत्येक माप ३० ते ४० मिलिमीटरच्या दरम्यान असावे, एकही माप कमी आल्यास दुरुस्ती करून पुन्हा २० नव्या ठिकाणी मोजावे." ठिकाणे फिटरने दाखवलेली नसावीत; प्रत्येक खोलीत भिंतीलगत, मध्ये आणि बीमजवळ अशी ती आपण निवडावीत. पहिल्या फेरीत आमची चार मापे १८, २२, २४ आणि २६ मिलिमीटर आली. कारण शोधल्यावर दिसले, की त्या खोलीत कव्हर ब्लॉक संपल्यामुळे फरशीचे तुकडे लावले होते आणि माणसे चालल्यावर ते फुटले होते. कव्हर ब्लॉक काँक्रीटचे, योग्य उंचीचे, तारेने बांधलेले आणि एकमेकांपासून मीटरभरापेक्षा जास्त लांब नसलेले असावेत. ते लावून घेतल्यावर दुसऱ्या फेरीत सर्व मापे बसली.

आता गॅलरीविषयी. भिंतीबाहेर काढलेल्या गॅलरीत मुख्य सळई खाली नसून वर असते, कारण बाहेरचे टोक खाली झुकू पाहते आणि ताण वरच्या बाजूला येतो. ही वरची सळई चेअर नावाच्या वाकवलेल्या सळईच्या आधारावर उचललेली असते. ओतकामाच्या दिवशी त्याच जाळीवरून मजूर घमेली घेऊन चालतात, पंपाचा पाइप ओढला जातो, चेअर आडव्या होतात आणि सळई खाली बसते. आमच्या स्लॅबची जाडी १३० आणि कव्हर ३० मिलिमीटर असल्यामुळे १० मिलिमीटरच्या वरच्या सळईच्या मध्यापासून तळापर्यंत ९५ मिलिमीटर खोली मिळते. ती सळई ३० मिलिमीटर खाली दबली तर ६५ उरतात, म्हणजे गॅलरीची भार पेलण्याची ताकद साधारण एक तृतीयांशाने घटते, आणि बाहेरून काहीही कळत नाही. म्हणून गॅलरीच्या चेअर मीटरभरापेक्षा जवळ लावाव्यात, चालण्यासाठी वेगळ्या फळ्या टाकाव्यात आणि काँक्रीट गॅलरीत पोहोचण्याच्या क्षणी वरच्या सळईची उंची पुन्हा एकदा मोजावी. हे शेवटचे माप मी कोणावरही न सोपवता स्वतः घेतो.

विजेच्या नळ्यांबाबत एवढेच पाहावे, की त्या खालच्या जाळीच्या वर बसाव्यात, जाळी आणि प्लाय यांच्या मधल्या कव्हरमध्ये नसाव्यात, आणि एका जागी पाच-सहा नळ्यांची मोळी होऊ नये.

तिसरा थांबा: काँक्रीटची गाडी

तयार काँक्रीट आमच्याकडे ठाणे-बेलापूर पट्ट्यातील प्लांटवरून आले. तयार काँक्रीटच्या मानकानुसार, म्हणजे आयएस ४९२६ नुसार, गाडी भरल्यापासून दोन तासांच्या आत रिकामी झाली पाहिजे; सेटिंग लांबवणारे रसायन घातले असल्यास कंपनीशी बोलून ही मुदत वाढवता येते. गाडीबरोबर येणाऱ्या चलनावर भरण्याची वेळ, ग्रेड, सिमेंट आणि पाणी यांचे आकडे असतात. चलन न वाचता गाडी पंपाला लावू नये.

दुसरी पाहणी स्लंपची. लोखंडी शंकूत काँक्रीट तीन थरांत भरून, प्रत्येक थराला २५ वेळा सळईने ठोसून शंकू सरळ वर उचलला, की ढीग जेवढा खाली बसतो तो स्लंप. आम्ही १२० मिलिमीटर मागितला होता. मानकात २५ मिलिमीटर किंवा मागितलेल्या स्लंपचा एक तृतीयांश, यांपैकी जे कमी असेल तेवढा फरक मान्य आहे. म्हणून आमची मर्यादा ९५ ते १४५ अशी ठरली.

त्या दिवशी काय घडले ते वेळेसह सांगतो. पहिली गाडी ६:४० ला भरली होती; स्लंप १२५ आला आणि ती ७:५५ ला रिकामी झाली. दुसरी ८:०५ ला आली. तिचा स्लंप १६५ आला. एका चाचणीवर निर्णय घेऊ नये, म्हणून त्याच गाडीतून पुन्हा काँक्रीट घेऊन मोजले, तर १६० आला. स्लंप जास्त येण्यामागे दर वेळी पाणीच असते असे नाही, रसायनाचे प्रमाण जास्त झाले तरीही तो वाढतो. पण चलनावरील पाण्याचा आकडा डिझाइनपेक्षा अधिक होता. आराखड्यात "दोन चाचण्या मर्यादेबाहेर गेल्यास गाडी परत" असे लिहिलेले होते, त्यामुळे वाद झाला नाही आणि गाडी परत गेली.

पाण्याचा प्रश्न इतका महत्त्वाचा का, ते आकड्यांनी पाहू. आमच्या मिश्रणात घनमीटरमागे ३८० किलो सिमेंट आणि १७१ लिटर पाणी होते, म्हणजे गुणोत्तर ०.४५. काँक्रीट पंपातून सहज जावे म्हणून कोणी घनमीटरमागे २० लिटर पाणी घातले, तर १९१ ला ३८० ने भागून गुणोत्तर ०.५० होते आणि तीव्र वर्गाची मर्यादा तिथेच ओलांडली जाते. साडेचार घनमीटरच्या गाडीत हे पाणी ९० लिटर, म्हणजे जेमतेम साडेचार बादल्या भरते. ते सुकल्यावर मागे राहणाऱ्या सूक्ष्म छिद्रांतून क्षार आत जातात. म्हणून साइटवर गाडीत पाणी घालण्यास आमच्या करारात पूर्ण मनाई होती. स्लंप कमी आल्यास कंपनीच्या माणसाने रसायन घालून दुरुस्त करावा आणि पुन्हा चाचणी द्यावी, अशी तरतूद होती.

बदली गाडी ९:२० ला आली आणि तिचा स्लंप १३० निघाला. मध्ये ८५ मिनिटे गेली होती, आणि अशा वेळी ओतलेल्या काँक्रीटची कड घट्ट होऊन जुने आणि नवे यांच्यात सांधा पडण्याचा धोका असतो. आम्ही ती कड ओल्या गोणपाटाने झाकून ठेवली होती. गाडी आल्यावर कडेच्या काँक्रीटमध्ये व्हायब्रेटरची निडल धरून सोडली. ती स्वतःच्या वजनाने आत गेली आणि बाहेर काढताना भोक आपोआप बुजले, याचा अर्थ काँक्रीट अजून जिवंत होते. तसे झाले नसते, तर काम कुठे थांबवायचे हे आदल्या दिवशीच नकाशावर रंगवलेले होते: दोन बीमांमधील अंतराच्या मधल्या तृतीयांशात, उभ्या फळीला टेकून. अशी जागा आधी ठरलेली नसेल, तर काम जिथे अडते तिथेच, बहुधा बीमजवळ, म्हणजे सर्वांत नको त्या ठिकाणी थांबते.

निडल ४० मिलिमीटरची असल्यास ३० सेंटीमीटरपेक्षा जास्त अंतर न ठेवता उभी घालावी, वर बुडबुडे येणे थांबले की सावकाश काढावी आणि तिने काँक्रीट पुढे ढकलू नये. दुसरा व्हायब्रेटर सुरू करून पाहिलेला असा साइटवर तयार असावा.

क्यूब: किती, कसे आणि कोणते निकाल चालतात

मानकानुसार ६ ते १५ घनमीटर काँक्रीटला दोन नमुने लागतात आणि एका नमुन्यात १५० मिलिमीटरचे तीन क्यूब येतात. आम्ही पहिल्या आणि शेवटच्या गाडीतून एकेक नमुना घेतला आणि सात दिवसांच्या अंदाजासाठी तीन क्यूब जादा भरले, असे एकूण नऊ झाले. काँक्रीट गाडीच्या मध्यापासून घ्यावे, सुरुवातीचे किंवा शेवटचे नको. साचा तीन थरांत भरावा आणि प्रत्येक थराला ३५ ठोसे द्यावेत. वर तारीख, गाडीचा क्रमांक आणि आपली खूण करावी. दुसऱ्या दिवशी साच्यातून काढून ते पाण्यात ठेवावेत आणि एनएबीएल मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत आपण स्वतः पोहोचवावेत. कंपनीने प्लांटवर भरलेल्या क्यूबचे निकाल आपल्या स्लॅबविषयी काही सांगत नाहीत.

२८ दिवसांनी पहिल्या नमुन्याचे क्यूब ३६.४, ३४.९ आणि ३७.३ न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर आले. पहिला आकडा असा येतो: यंत्राने ८१९ किलोन्यूटन भार घेतला आणि क्यूबच्या तोंडाचे क्षेत्र २२,५०० चौरस मिलिमीटर आहे, म्हणून भागाकार ३६.४. या नमुन्याची सरासरी ३६.२ आहे. दुसऱ्या नमुन्याचे ३३.१, ३१.८ आणि ३४.४ आले, सरासरी ३३.१. एका नमुन्यातला कोणताही क्यूब त्याच्या सरासरीपासून १५ टक्क्यांहून दूर नसावा, ही अट दोन्हींत पूर्ण होते.

आता निकाल लावायचा. मोठ्या कामांत चार-चार नमुन्यांची सरासरी पाहतात. पण ३० घनमीटरपर्यंतच्या लहान कामात चार नमुने होतच नाहीत, म्हणून मानकातील दुरुस्तीने वेगळी कसोटी दिली आहे: सर्व नमुन्यांची सरासरी ग्रेडपेक्षा किमान ४ ने जास्त आणि कोणताही एक नमुना ग्रेडपेक्षा २ हून अधिक कमी नसावा. एम३० साठी याचा अर्थ सरासरी किमान ३४ आणि प्रत्येक नमुना किमान २८. आमची सरासरी ३४.६५ आणि सर्वांत कमी नमुना ३३.१, म्हणून स्लॅब स्वीकारला. येथे नवखा माणूस फसतो तो असा, की प्रत्येक क्यूब ३० च्या वर आला म्हणजे झाले, असे त्याला वाटते. दोन्ही नमुने ३१ आले असते, तर लहान कामाच्या कसोटीने हे काँक्रीट नापास ठरले असते.

नापास झाल्यास लगेच तोडफोडीचा विचार करू नये. रिबाउंड हॅमर आणि अल्ट्रासॉनिक चाचणीने कमकुवत भाग शोधावा, इंजिनिअरने सांगितलेल्या ठिकाणी तीन कोअर, म्हणजे काँक्रीट कापून काढलेले गोल नमुने, काढावेत. त्यांची सरासरी अपेक्षित क्यूब ताकदीच्या ८५ टक्के आणि कोणताही एक कोअर ७५ टक्क्यांपेक्षा कमी नसेल, तर काँक्रीट स्वीकारता येते. सात दिवसांच्या निकालावरून मात्र स्वीकार किंवा नकार ठरवू नये. फ्लाय ॲश असलेले मिश्रण सुरुवातीला सावकाश ताकद घेते, म्हणून तो आकडा केवळ सावध होण्यासाठी असतो.

पाणी

स्लॅबवर पाणी मारण्याबद्दल सगळे बोलतात, पण कोणते पाणी, याची चौकशी कोणी करत नाही. खाडीजवळच्या बोअरचे पाणी खारट असू शकते आणि टँकरने आलेले पाणी कुठून भरले हे चालकालाही सांगता येतेच असे नाही. सळई असलेल्या काँक्रीटसाठी पाण्यात क्लोराइड लिटरला ५०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त नसावे, ही मानकाची मर्यादा आहे. काम सुरू करण्यापूर्वी प्रत्येक स्रोताची एकेक बाटली प्रयोगशाळेत द्यावी. आमच्याकडे बोअरच्या पाण्यात ते ९०० च्या वर निघाले, म्हणून ते फक्त अवजारे धुण्यासाठी ठेवले आणि नळाचे पाणी वापरले.

काँक्रीट ओले ठेवण्यासाठी मानक साध्या सिमेंटला किमान ७ दिवस आणि फ्लाय ॲशसारखे घटक असल्यास १० दिवस सांगते. हवा कोरडी आणि उष्ण असल्यास हे अनुक्रमे १० आणि १४ होतात. एप्रिल असल्यामुळे आम्ही १४ धरले. ओतकामाच्या संध्याकाळी ओले गोणपाट, दुसऱ्या दिवशी सकाळी सिमेंट-वाळूचे बांध घालून ५० मिलिमीटर पाणी. "पाणी मारले" ही नोंद नको. सकाळी, दुपारी आणि संध्याकाळी पट्टी उभी करून खोली लिहावी. बीमच्या बाजू आणि कॉलम यांवर पाणी साचत नाही, म्हणून तिथे गोणपाट गुंडाळून भिजते ठेवावे. आमच्या नोंदवहीत सहाव्या दिवशी दुपारी शून्य आढळले; सुट्टीचा दिवस होता आणि पहारेकरी बदलला होता. तिथून पुढे ही नोंद घेण्याचे काम मालकांच्या आईंनी स्वतःकडे घेतले आणि शेवटपर्यंत एकही रकाना रिकामा राहिला नाही.

चौथा थांबा: सेंट्रिंग काढणे

साध्या सिमेंटच्या काँक्रीटसाठी मानक ४.५ मीटरपर्यंतच्या स्लॅबचे प्रॉप किमान ७ दिवस आणि त्याहून लांब स्लॅबचे १४ दिवस ठेवायला सांगते. बीमसाठी ६ मीटरपर्यंत १४ आणि पुढे २१ दिवस. आमच्या मिश्रणात फ्लाय ॲश असल्यामुळे इंजिनिअरनी स्लॅबला १४ आणि बीम व गॅलरीला २१ दिवस दिले. खोलीतील प्रॉप मध्यापासून सुरू करून बीमकडे काढत जावे, गॅलरीचे मात्र बाहेरच्या टोकापासून भिंतीकडे, कारण बाहेरचा प्रॉप शेवटपर्यंत ठेवला तर गॅलरी काही काळ दोन आधारांवर टेकते आणि तिची सळई तशा ताणासाठी मांडलेली नसते.

प्लाय निघाल्याच्याच दिवशी, रंगारी किंवा गिलाव्याचा मिस्त्री येण्यापूर्वी, तळाचे फोटो आणि पाहणी करावी. खडी उघडी पडलेली जागा हातोडीने ठोकून पाहावी. आवाज भरीव असेल आणि सळई दिसत नसेल, तर सैल भाग काढून पॉलिमर मॉर्टरने भरता येते. सळई दिसत असेल, तर इंजिनिअरला दाखवल्याशिवाय हात लावू देऊ नये. कंत्राटदार सौजन्याने आदल्या रात्रीच सिमेंटचे पाणी फासून ठेवतो, तेव्हा करारात "पाहणीपूर्वी कोणतीही डागडुजी नाही" हे वाक्य असावे. आमच्या स्लॅबला जिन्याजवळच्या बीमच्या तळाशी सुमारे २० सेंटीमीटर लांबीची अशी जागा निघाली. तिथे चार सळया दाटीने आल्या होत्या आणि निडल आत शिरली नव्हती. ती दुरुस्त झाली, आणि दुसऱ्या स्लॅबच्या आराखड्यात आम्ही दोन बदल केले: त्या बीमसाठी २५ मिलिमीटरची निडल लिहिली आणि दोन गाड्या भरण्याच्या वेळांत किमान ४५ मिनिटांचे अंतर ठेवायला प्लांटला कळवले, म्हणजे एक गाडी परत गेली तरी मागची उन्हात वाट पाहत उभी राहणार नाही.